पिवळ्या रेघेनंतरचे काम

पुस्तकातल्या वाक्यावर ओढलेली पिवळी रेघ एकच गोष्ट नोंदवते: त्या क्षणी वाचकाला ते वाक्य महत्त्वाचे वाटले. का वाटले, कोणत्या प्रश्नासाठी वाटले, आधी माहीत असलेल्या कशाला ते दुजोरा देते आणि कशाला छेद देते, यातले काहीही त्या रेघेत नसते. ते सगळे वाचकाच्या डोक्यात असते आणि पान उलटले की विरायला लागते. सहा महिन्यांनी तेच पान उघडले तर रेघ दिसते, रेघेमागचा विचार सापडत नाही. किंडलवर वाचणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. त्या यंत्रात `My Clippings.txt` नावाची फाइल आपोआप तयार होते आणि खूण केलेले प्रत्येक वाक्य पुस्तकाचे नाव, जागा आणि वेळ यांसह तिच्यात एकाखाली एक साठत जाते. वेळ अगदी सेकंदापर्यंत नोंदलेली असते; कारण कुठेच नसते.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवर तोवर झालेले संशोधन एकत्र तपासले. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचन या विद्यार्थ्यांच्या सर्वांत लाडक्या पद्धती त्यांत कमी उपयुक्त गटात गेल्या. अधोरेखनाने नुकसान होते असे नाही. मात्र खुणा केलेली पाने पुन्हा चाळली की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच समजणे, असा ग्रह होतो. ओळखीचा चेहरा दिसतो, नाव काही केल्या आठवत नाही, तसाच हा प्रकार. रेघ ही कामाची सुरुवात असते. बहुतेक वाचकांचे काम तिथेच संपते, ही खरी अडचण.

रेघेपासून उपयोगापर्यंत जायचे तर उतारा पुस्तकाबाहेर काढावा लागतो आणि मग तो कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो. ज्यांचा उपयोग आधीच ठरलेला असतो, त्यांना हा प्रश्न सतावत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधला संस्कृत कोश हे याचे ठळक उदाहरण. १९४८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथ पिंजून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे आला ती ओळ आणि ग्रंथातले स्थळ. या चिठ्ठ्या शब्दांच्या वर्णक्रमाने लावल्या की काम झाले, कारण त्यांचा उपयोग पहिल्या दिवसापासून ठाऊक होता: त्या त्या शब्दाची नोंद लिहिताना संपादकाने तो गठ्ठा समोर घ्यायचा. उताऱ्यांचा असा संग्रह उत्तम चालतो, कारण चिठ्ठीकडे नेमका कोणता प्रश्न घेऊन यायचे हे आधीच ठरलेले असते.

सामान्य वाचकाचे तसे नसते. आज वाचलेला मुद्दा तीन वर्षांनी नोकरीत, घराच्या व्यवहारात की एखाद्या लेखात उपयोगी पडेल, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो हाताशी असलेली सोपी वाट धरतो: प्रत्येक पुस्तकाची वेगळी वही किंवा प्रत्येक कोर्सचा वेगळा फोल्डर. ही रचना मुद्दा कुठून आला ते जपते, कुठे लागेल ते नाही. पण मुद्दा लागतो त्या वेळी तो कोणत्या पुस्तकात होता हेच आठवत नसते.

या अडचणीवर ज्याने आयुष्यभर काम करून एक टिकाऊ तोड काढली, तो माणूस जर्मन समाजशास्त्रज्ञ होता. निकलास लुहमान यांचा जन्म १९२७ सालचा. शिक्षण कायद्याचे, सुरुवातीची नोकरी सरकारी प्रशासनातली. १९५२ च्या सुमारास त्यांनी वाचनाच्या नोंदी वहीऐवजी सुट्या कागदांवर करायला सुरुवात केली आणि १९९८ साली निधन होण्याच्या थोडे आधीपर्यंत हा क्रम चालू ठेवला. पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे ए-६ आकाराच्या या चिठ्ठ्या शेवटी सुमारे ९०,००० भरल्या. त्यांच्या जोरावर त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तके आणि शेकडो लेख लिहिले. बीलेफेल्ड विद्यापीठात रुजू होताना संशोधन प्रकल्पाची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांनी विषय समाजाचा सिद्धान्त, मुदत तीस वर्षे आणि खर्च शून्य असे कळवले, ही त्यांनीच सांगितलेली हकीकत. त्या सिद्धान्तावरचा मुख्य ग्रंथ १९९७ साली खरोखरच बाहेर पडला.

जर्मन भाषेत अशा चिठ्ठ्यांच्या पेटीला त्सेटलकास्टन म्हणतात. ही वस्तू लुहमान यांनी शोधलेली नाही. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेसनर यांनी सोळाव्या शतकातच टिपणांचे कागद कापून, त्यांचे तुकडे सरकवून विषयवार लावायची रीत लिहून ठेवली होती. लुहमान यांचे वेगळेपण चिठ्ठी कुठे ठेवायची या नियमात आहे आणि तो नियमही त्यांना पहिल्या फटक्यात साधलेला नाही. त्यांचे दोन संग्रह आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या पहिल्या संग्रहात सुमारे २३,००० चिठ्ठ्या १०८ विषयांखाली आहेत. त्यानंतरच्या दुसऱ्यात सुमारे ६७,००० चिठ्ठ्या आणि मुख्य विभाग फक्त ११. चिठ्ठ्या जवळजवळ तिप्पट झाल्या आणि मुख्य कप्पे एक दशांशावर आले. नव्या वाचकाची प्रवृत्ती नेमकी उलटी असते. तो आधी पन्नास फोल्डर करून ठेवतो आणि मग त्यांत घालायला काही मिळते का ते पाहतो.

नियम असा आहे. प्रत्येक चिठ्ठीला एक कायमचा क्रमांक असतो आणि नवी चिठ्ठी तिच्या विषयात जात नाही, तिला ज्या चिठ्ठीबद्दल काही म्हणायचे आहे तिच्या मागे बसते. समजा ५७/१२ या चिठ्ठीवर एक मुद्दा आहे आणि ५७/१३ वर त्याचा पुढचा भाग. काही महिन्यांनी पहिल्या मुद्द्यातल्या एका शब्दावर नवे काही सुचले, तर नव्या चिठ्ठीला ५७/१२क हा क्रमांक देऊन ती दोघींच्या मध्ये सरकवायची. तिच्याशी जोडून पुढचा विचार आला तर ५७/१२ख. ‘क’ वरच शंका निघाली तर ५७/१२क१. (लुहमान अर्थातच रोमन अक्षरे वापरत.) अशी वाढ कुठेही, कितीही आत होऊ शकते आणि जुना क्रमांक कधी बदलत नाही. म्हणूनच लांबच्या दुसऱ्या विभागातल्या चिठ्ठीवर ‘५७/१२क पाहा’ असे लिहून ठेवता येते आणि ते वीस वर्षांनीही खरे राहते.

या क्रमांकपद्धतीचे कौतुक बरेच होते, पण तिची खरी करामत क्रमांकात नाही. नवी चिठ्ठी ठेवण्यासाठी आधीच्या चिठ्ठ्या उघडून वाचाव्या लागतात, ही आहे. हिला शेजारी कोण, हा प्रश्न टाळताच येत नाही. शेजार शोधताना हात चार जुन्या चिठ्ठ्यांवरून फिरतो, त्यातल्या एखादीत आजच्या मुद्द्याच्या उलट काही लिहिलेले सापडते आणि विचार तिथे सुरू होतो. फोल्डरमध्ये फाइल टाकताना असे काही घडत नाही. फोल्डरचे नाव वाचले की पुरते.

शोधण्यासाठी लुहमान यांनी शब्दसूची ठेवली होती. दुसऱ्या संग्रहाच्या सूचीत सुमारे ३,२०० शब्द आहेत, पण एकेका शब्दापुढे बहुधा मोजकेच क्रमांक. त्या विषयावरची प्रत्येक चिठ्ठी तिथे नोंदलेली नसते. आत शिरायची दारे तेवढी दिलेली असतात. आत गेल्यावर एका चिठ्ठीवरून दुसरीवर जायचे. आज सॉफ्टवेअर वापरणारे लोक एकेका नोंदीला सात-सात टॅग लावतात आणि एका टॅगवर दोनशे नोंदी जमा झाल्या की तो टॅग काहीच सांगेनासा होतो. त्यांना ही काटकसर पाहण्यासारखी आहे.

चिठ्ठीवर काय लिहायचे, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग. वाचताना लुहमान एक वेगळी चिठ्ठी हाताशी ठेवत. तिच्या एका बाजूला ग्रंथाचा तपशील, दुसरीकडे ‘अमुक पानावर अमुक मुद्दा’ अशा तोकड्या नोंदी. ही ग्रंथचिठ्ठी. वाचन झाल्यावर तिच्यावरून नजर फिरवत, यातले आपल्या पेटीतल्या कोणत्या गोष्टीशी जोडले जाईल हे ते पाहत आणि तेवढेच मुद्दे स्वतःच्या वाक्यांत नव्या चिठ्ठ्यांवर लिहीत. म्हणजे पुस्तकाचा सारांश त्यांनी केलाच नाही. सारांश पुस्तकाशी प्रामाणिक असतो. विचारचिठ्ठीने आपल्या प्रश्नाशी प्रामाणिक राहायचे असते. रेघेची जागा ग्रंथचिठ्ठीत आहे, विचारचिठ्ठीत नाही, एवढा फरक पाळला तरी निम्मे काम होते.

एक उदाहरण सविस्तर पाहता येईल. समजा, ठाण्यातल्या एका जुन्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव डॅनियल कानमन यांचे २०११ सालचे ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ हे पुस्तक वाचतो आहे. त्यात कानमन यांनी स्वतःचाच एक फजितीचा प्रसंग सांगितला आहे. इस्रायलमध्ये शाळांसाठी निर्णयशास्त्राचे पाठ्यपुस्तक करणाऱ्या गटात ते होते. काम किती काळ चालेल, याचा अंदाज प्रत्येकाने कागदावर लिहिला, तर सगळे दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये आले. मग गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारले की अशा इतर गटांना किती वेळ लागला होता. तो ओशाळून म्हणाला की सुमारे ४० टक्के गटांनी काम अर्धवट सोडले आणि ज्यांनी पुरे केले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. गंमत म्हणजे मिनिटभरापूर्वी त्यानेही इतरांसारखाच दोन वर्षांच्या आसपासचा आकडा लिहिला होता. गट काम करत राहिला. पुस्तक आठ वर्षांनी झाले आणि ते कधी वापरले गेले नाही.

सचिवाने या प्रकरणात चार-पाच ठिकाणी रेघा मारल्या. ग्रंथचिठ्ठीवर त्याने प्रकरणाचे नाव आणि पानांपुढे तीन-चार शब्दांच्या नोंदी केल्या. दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटून, त्याने चिठ्ठी लिहायला घेतली. पुस्तक मिटणे हा इथला कळीचा मुद्दा आहे. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुस्तक उघडे ठेवून चिठ्ठी लिहिली की हात नकळत लेखकाचीच वाक्ये उतरवतो. मिटले की स्वतःची वाक्ये शोधावी लागतात.

आठवणीतून लिहिताना सचिवाने लिहिले: ‘गटाचा अंदाज आठ वर्षांचा होता.’ नंतर पुस्तक उघडून ताडले तेव्हा चूक दिसली. आठ वर्षे प्रत्यक्षात लागली होती, अंदाज जेमतेम दोनचा होता. ताडून पाहण्याची ही पायरी सोडता येत नाही, कारण आठवण आकड्यांशी फार मोकळेपणाने वागते. दुरुस्त केलेल्या चिठ्ठीचे शीर्षक त्याने पूर्ण वाक्यात दिले: ‘काम किती चालेल हे त्या कामाला विचारू नये, तसल्या झालेल्या कामांना विचारावे.’ खाली तीन वाक्यांत प्रसंग, शेवटी ग्रंथचिठ्ठीचा हवाला. शीर्षक ‘नियोजनातील चूक’ असे दिले असते तर ती चिठ्ठी एका विषयाचे नाव सांगत राहिली असती. विषयाशी कुणाचे भांडण होत नाही. विधानाशी होते, आणि भांडण झाले तरच चिठ्ठीमागे दुसरी चिठ्ठी लागते.

तिला शेजार शोधताना सचिवाला दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी सापडली. एका ऑनलाइन व्यवस्थापन कोर्समध्ये ऐकलेला पार्किन्सनचा नियम तिच्यावर होता. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात थट्टेच्या सुरात मांडलेला हा नियम सांगतो की जितका वेळ दिला जाईल तितका भरेपर्यंत काम फुगते. आता दोन चिठ्ठ्या समोरासमोर आल्या. पहिली म्हणते, मुदत जास्त धरा, कारण तेवढा वेळ लागणारच आहे. दुसरी म्हणते, मुदत जास्त दिली तर काम लांबेल. दोन्ही वेगवेगळ्या वह्यांत असत्या तर कधीच भेटल्या नसत्या. सचिव त्यांच्यावर दोन दिवस घोटाळला आणि मग तिसरी चिठ्ठी लिहिली, जी दोन्ही पुस्तकांत नव्हती: ‘समोरच्याला द्यायची मुदत आणि स्वतः तयारीसाठी धरायचा काळ हे दोन वेगळे आकडे असावेत.’

चार महिन्यांनी संस्थेत पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. विकासक म्हणाला, ३० महिन्यांत ताबा. सचिवाने आपल्या सूचीत ‘मुदत’ हा शब्द काढला, तिथून पहिल्या चिठ्ठीवर आणि तिच्यावरून तिसरीवर गेला. पहिलीने त्याला काम दिले: तसल्या झालेल्या कामांना विचारावे. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या प्रकल्पांची मूळ आणि सुधारित पूर्णत्व तारीख पाहता येते. त्याने आसपासच्या पाच पुनर्विकास प्रकल्पांची माहिती तिथून आणि तिथल्या रहिवाशांकडून काढली. समजा, त्यांतल्या चौघांना ४५, ४८, ५२ आणि ६० महिने लागलेले आढळले आणि पाचवा प्रकल्प अजून अपुराच होता. आता आकडा कुणाच्या आशावादावर किंवा निराशेवर अवलंबून राहिला नाही. तिसऱ्या चिठ्ठीने त्याचा वापर सांगितला. करारात मुदत ३० महिन्यांचीच ठेवायची, म्हणजे काम फुगायला जागा मिळणार नाही. पण पर्यायी घराचे भाडे ठरावीक महिन्यांपुरते न मागता भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा मिळेपर्यंतचे मागायचे आणि सभासदांना मुलांच्या शाळा, आजारी माणसांची सोय वगैरे पाच वर्षांच्या हिशेबाने बेतायला सांगायचे. सर्वसाधारण सभेपुढे ठेवायच्या टिपणाचा हा गाभा झाला. तो पुस्तकाच्या सारांशातून निघाला नसता, कारण पुस्तकात ठाणे नाही, भाडे नाही आणि पार्किन्सनही या कामासाठी नाही.

चौथी चिठ्ठी सभेनंतरची: ‘पाचवा, अपुरा राहिलेला प्रकल्प मोजायचा कसा?’ सरासरी काढताना त्याला वगळले तर अंदाज पुन्हा आशावादी होतो. उत्तर अजून मिळालेले नाही, तरी ही चिठ्ठी ठेवण्यासारखी आहे. पुढच्या वाचनात सचिव काय शोधेल ते तिने ठरवून टाकले. असे प्रश्न पेटीत असले की पुस्तकावरच्या रेघाही कमी होतात, कारण कशाला रेघ मारायची हे आता ठाऊक असते.

कोर्सच्या बाबतीत एक अडचण जास्तीची असते: व्याख्यान थांबत नाही. व्हिडिओ थांबवता येतो, पण तो थांबवून पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवणे ही रेघेचीच थोरली बहीण. यासाठी कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेला कागद अजूनही कामाचा आहे. पानाच्या डावीकडे सुमारे अडीच इंचांचा पट्टा कोरा ठेवायचा, तळाशी दोन इंच कोरे आणि उरलेल्या रुंद भागात व्याख्यान चालू असताना तुटक नोंदी करायच्या. व्याख्यान संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, डाव्या पट्ट्यात त्या नोंदी ज्यांची उत्तरे आहेत ते प्रश्न लिहायचे. मग उजवी बाजू झाकून प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि तळाशी दोन-तीन वाक्यांत निचोड लिहायचा. परीक्षेपुरता अभ्यास असेल तर इथेच थांबावे. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा साचा ठरलेला असताना चिठ्ठ्यांचे जाळे विणत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. डनलॉस्कींच्या तपासणीत वरच्या गटात आलेल्या दोन पद्धती, स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे, तिथे जास्त फळ देतात. परीक्षेपलीकडे काही हवे असेल तर तळाच्या निचोडातले एखादे विधान उचलून त्याची चिठ्ठी करावी. एका तासाच्या व्याख्यानातून एक चिठ्ठी निघाली तरी बरीच झाली.

पद्धत बिघडते ती बहुधा साठवणीकडे. रीडवाइजसारख्या सेवा किंडलवरच्या खुणा आपोआप टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून टाकतात आणि आठवडाभरात वाचकाकडे हजार नोंदी होतात. त्यातली एकही त्याने लिहिलेली नसते. दिसायला ही पेटी भरलेली असते. तिला विचारायला गेले की ती पुस्तकांचीच वाक्ये परत करते. दुसरा बिघाड दुव्यांचा. ऑब्सिडियनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाभोवती `[[ ]]` असे कंस टाकले की दुवा तयार होतो. ते इतके सोपे आहे की काही लोक प्रत्येक नामाला दुवा देतात आणि नोंदींचा नकाशा नक्षत्रासारखा चमकू लागतो. कागदावर ‘५७/१२क पाहा’ लिहिताना हात जरा थांबतो. म्हणून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने दुव्याशेजारी निदान अर्धे वाक्य लिहावे: हा मुद्दा त्याला पुरावा आहे, की त्याचा अपवाद आहे, की त्याच्याशी त्याचे जमत नाही. असे अर्धे वाक्य सुचत नसेल तर तो दुवा नकोच.

तिसरा बिघाड उशिरा कळतो आणि सर्वांत महागात पडतो. लेखकाची वाक्ये आणि स्वतःची वाक्ये एकाच चिठ्ठीत, काही खूण न करता मिसळतात. दोन वर्षांनी त्यातले कोणते कुणाचे हे वाचकालाच सांगता येत नाही आणि दुसऱ्याचे वाक्य स्वतःचे म्हणून लेखात जाते. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घ्यायचेच असतील तर अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक त्याच क्षणी लिहावा. नंतर लिहू म्हटले की राहते.

पेटी चालते आहे की नुसती वाढते आहे, हे ओळखायला एक सोपी तपासणी पुरते. तीन महिन्यांपूर्वीच्या पाच चिठ्ठ्या डोळे मिटून काढाव्यात. मूळ पुस्तक न उघडता चिठ्ठी कळली पाहिजे. न कळली तर ती पुस्तकाच्या आधाराने उभी होती, स्वतःच्या पायांवर नाही. पाचांतल्या निदान एक-दोन चिठ्ठ्यांमागे नंतर काही जोडले गेलेले असावे. एकीमागेही नसेल तर चिठ्ठ्या लिहून होताहेत, वाचल्या जात नाहीत. अशा वेळी नवे पुस्तक हातात घेण्याऐवजी एक तास जुन्याच चिठ्ठ्यांत घालवावा. आणि सॉफ्टवेअर बदलण्याची इच्छा झाली तर ती त्या तपासणीनंतरच्या रविवारपर्यंत पुढे ढकलावी. बहुतेकदा तोवर मावळते.

सगळे वाचन या यंत्रातून काढायचे नसते. कादंबरी, कविता, प्रवासवर्णन हे ज्या कारणासाठी वाचले जाते त्याला चिठ्ठीची गरज नाही, आणि स्वयंपाकाच्या किंवा दुरुस्तीच्या पुस्तकातली कृती करून पाहणे हेच तिचे टिपण. ज्यांना वाचलेल्यातून काही लिहायचे, शिकवायचे किंवा ठरवायचे असते आणि विषय वर्षानुवर्षे सोबत राहतो, त्यांना हा खटाटोप परवडतो. सुरुवातीचे काही महिने तो परवडतही नाही, हे सांगायला हवे. पन्नास-साठ चिठ्ठ्या होईपर्यंत शेजार शोधावा एवढी वस्तीच नसते आणि प्रत्येक नवी चिठ्ठी एकटी पडल्यासारखी वाटते.

लुहमान यांची पेटी बीलेफेल्ड विद्यापीठाने २०११ साली मिळवली आणि २०१५ पासून तिच्या डिजिटल आवृत्तीचे काम सुरू झाले. चिठ्ठ्यांची छायाचित्रे आज कुणालाही इंटरनेटवर पाहता येतात. जर्मन उत्तम येणाऱ्या वाचकालाही त्यातल्या कित्येक चिठ्ठ्यांचा अर्थ लागत नाही, कारण त्या एकाच माणसाशी बोलण्यासाठी लिहिलेल्या होत्या. हिशेब करायचा तर ९०,००० चिठ्ठ्या सुमारे ४५ वर्षांत, म्हणजे वर्षाला २,००० आणि दिवसाला पाच ते सहा. ज्याचे वाचन आणि लेखन हाच पूर्णवेळ धंदा होता, त्याचा हा वेग. नोकरी सांभाळून वाचणाऱ्याने आठवड्याला दोन चिठ्ठ्या धरल्या तर वर्षाला शंभरावर होतात, आणि तेवढ्यांत शेजार भरायला लागतो.